हडपसर आधी, स्वारगेट नंतर

पुण्यात बसने कामाला जाणाऱ्या बाईला वाचायला शिकवायचे असेल, तर सुरुवात हडपसरपासून करावी. ह, ड, प, स, र. सरळ पाच अक्षरे. कुणालाही काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. त्यानंतर वडगाव घ्यावे, त्यात एकच काना येतो. शिवाजीनगर थोडे मागे ठेवावे. त्यातल्या पहिल्याच अक्षराची वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर, आणि हा उलटा व्यवहार नव्याने शिकणाऱ्याला बराच काळ छळतो. कात्रजमध्ये त्र आहे. स्वारगेट तर सुरूच होते अर्ध्या स ने. म्हणजे शहरातला एवढा मोठा बसथांबा वाचनाच्या दृष्टीने सर्वांत अवघड थांब्यांपैकी एक.

लहान मुलांना हा क्रम असा लावावा लागत नाही. ती अ-आ-ई पाठ करतात, बाराखडी घोकतात आणि हे कशाला असे सहसा विचारत नाहीत. पस्तिशीची बाई तोंडाने विचारत नसली तरी मनात विचारते, आणि दोन आठवड्यांत उत्तर मिळाले नाही तर यायची थांबते. म्हणूनच प्रौढांच्या वाचनपुस्तकांनी बाराखडीचा रस्ता बऱ्याच आधी सोडला. ती ओळखीच्या शब्दापासून सुरू होतात, त्या शब्दाची अक्षरे सुटी करतात आणि त्याच अक्षरांतून नवे शब्द जुळवतात. ग, म, भ, न अशी वळणाला सोपी अक्षरे आधी येतात. शब्द निवडतानाच अर्धी लढाई होते. ‘कमळ’ सोपे असते, पण कमळ वाचून कुणाचे काम होत नाही.

काम कशाने होते, हे पुण्यातल्या एका साक्षरता उपक्रमाने वेगळ्याच वाटेने दाखवून दिले.

महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेल्या महिला विद्यापीठाचा, म्हणजे आजच्या एसएनडीटीचा, पुण्यात प्रौढ आणि निरंतर शिक्षणाचा विभाग होता. १९९०च्या सुमारास त्या विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण आणि त्यांचे सहकारी शहरातल्या कचरावेचक मुली आणि बायकांसाठी साक्षरतेचे काम करू लागले. वस्तीत जायचे, शिकणाऱ्या गोळा करायच्या आणि अक्षरे शिकवायची, अशी कार्यक्रमाची ठरलेली चौकट होती. ती चौकट टिकेना. मुली आणि बायका पहाटे पोते खांद्यावर टाकून बाहेर पडत. कचरापेट्या उपसायच्या, माल वेचायचा, तो निवडायचा आणि मग भंगाराच्या दुकानात विकायचा, यात दिवस जाई. कार्यकर्त्या त्यांच्याबरोबर फेऱ्यांना जाऊ लागल्या तेव्हा जे दिसले ते अक्षरांपलीकडचे होते. हाच कागद आणि हाच पुठ्ठा कुजक्या कचऱ्यात मिसळण्याआधी, घरातून किंवा कार्यालयातून वेगळा मिळाला, तर माल स्वच्छ राहतो, भाव बरा मिळतो आणि पेटीत हात घालण्याचे तास वाचतात.

मग विद्यापीठाच्या कामाचा मोर्चा तिकडे वळला. काही बायकांना ओळखपत्रे देऊन घरोघरचा वेगळा केलेला माल गोळा करण्याची सोय झाली. मे १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली कचरावेचकांची परिषद भरली. आठशेच्या वर माणसे जमली आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. पुढे संघटनेची पतसंस्था झाली, पुणे महापालिकेने ओळखपत्रांना मान्यता दिली आणि २००८ मध्ये घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी झाला. या साऱ्याचे मूळ एका साक्षरता वर्गात आहे, हे शहरातल्या फार थोड्या लोकांना माहीत असते.

या गोष्टीचा पहिला अर्थ असा लावता येईल, आणि लावलाही जातो, की या बायकांना अक्षरांची गरज नव्हती, पैशांची होती. तो अपुरा आहे. पतसंस्था आली की पासबुक आले. ओळखपत्र आले की त्यावरचे नाव आणि पत्ता बरोबर आहे का, हा प्रश्न आला. घरोघरी कचरा घेणे सुरू झाले की इमारतीची नावे, सदनिकांचे क्रमांक, कुणी या महिन्याचे पैसे दिले आणि कुणी थकवले, याची नोंद आली. संघटनेने पुढे आपल्या सभासद बायकांसाठी साक्षरतेचे वर्गही चालवले. आधी नसलेली गरज कामाच्या बदललेल्या रीतीतून तयार झाली. आंध्र प्रदेशातल्या नेल्लोर जिल्ह्यातही १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वाचनवर्गातल्या दारूबंदीच्या धड्यातून बायकांचे मोठे आंदोलन उभे राहिले होते. वर्गातून आंदोलन निघते, आणि आंदोलनातून पुन्हा वर्गाची गरज निघते. सरकारी कार्यक्रमाच्या आराखड्यात मात्र हा क्रम नेहमी एकाच दिशेने काढलेला असतो: आधी साक्षर करा, मग बाकीचे होईल.

बायका वर्गाला येतात ते कशासाठी, याची उत्तरे ऐकायला साधी वाटतात. पहिले उत्तर बहुधा सहीचे असते. बँकेत, रेशन दुकानात, मुलांच्या शाळेत, बचत गटाच्या बैठकीत अंगठ्याला शाई लावायची वेळ येते आणि मागे रांगेत ओळखीचे लोक असतात. अंगठ्याची लाज ही पैशाच्या अडचणीहून मोठी असू शकते. दुसरे उत्तर पोथीचे. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेली आजीबाईंची शाळा देशभर गाजली ती गुलाबी नऊवारीतल्या छायाचित्रांमुळे. पण तिच्या मुळाशी म्हाताऱ्या बायकांची साधी हळहळ होती: आपल्यालाही लिहिता-वाचता आले असते तर पोथी वाचता आली असती. शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती मनावर घेतली. साठीच्या पुढच्या बायका पाठीवर दप्तर टाकून दुपारी दोन ते चार वर्गात बसू लागल्या. तिथे कुणालाही नोकरी मिळणार नव्हती, कर्जही नाही. रोजगाराशी जोडल्याशिवाय प्रौढ शिक्षण टिकत नाही, हे कार्यशाळांमधले आवडते वाक्य फांगण्याला लागू पडले नाही.

तिसरे उत्तर मुलांचे. मुलगा पाचवीत गेला की आईला वहीतले काही कळेनासे होते, आणि त्यालाही ते कळते. याविषयीचा एक मोठा प्रयोग रुक्मिणी बॅनर्जी, जेम्स बेरी आणि मार्क शॉटलंड यांनी बिहार आणि राजस्थानातल्या गावांमध्ये केला. काही गावांत आयांसाठी साक्षरतेचे वर्ग, काही गावांत घरी मुलांकडून काय करून घ्यावे याचे मार्गदर्शन, काही गावांत दोन्ही. वर्गांनी आयांचे वाचन-गणित सुधारले, पण थोडेच. मुलांच्या शिकण्यातही फरक पडला, तोही थोडा. यश थोडे होते त्याला एक साधे कारण होते: वर्ग दाराशी येऊनही पुष्कळ आया त्यात बसल्याच नाहीत.

आणि चौथे उत्तर, जे वीस वर्षांपूर्वी नव्हते: फोन. फोनने एक गरज मारली आणि दुसरी जन्माला घातली. गावी पत्र लिहायची गरज संपली, कारण व्हॉट्सअॅपवर बोललेला निरोप पाठवता येतो. पण बँकेचा सहा आकडी ओटीपी ठरावीक वेळात वाचून टाकावा लागतो. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा पुण्यातल्या वस्त्यांमध्ये अर्ज भरून देणाऱ्यांभोवती गर्दी झाली, आणि आपल्या आधारचा, आपल्या खात्याचा आकडा दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो हे हजारो बायकांनी पुन्हा एकदा अनुभवले. फोनवरचे आकडे इंग्रजी, पुस्तकातले मराठी. मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी चार इंग्रजी आठसारखा. दोन्ही एकाच महिन्यात शिकवले की गोंधळ ठरलेला. शहाणी शिक्षिका आधी फोनवरचे आकडे पक्के करून घेते. पुस्तकाचा क्रम तिला मोडावा लागतो.

आता मधेच येणे सोडणाऱ्या बायकांकडे वळू. इथे हिशेब करून पाहणे बरे.

मूलभूत साक्षरतेला राष्ट्रीय साक्षरता मिशनच्या काळापासून २०० तास धरले जातात. आजही तोच आकडा चालतो. रोज दोन तास, आठवड्यातून सहा दिवस वर्ग घेतला तर सुमारे सतरा आठवडे, म्हणजे चार महिने लागतात. कागदावर हे सहज जमण्यासारखे आहे. आता कोथरूड किंवा सहकारनगरच्या सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या बाईचा दिवस घ्यावा. सकाळी सात ते साधारण बारा कामे. घरी येऊन स्वयंपाक, स्वतःची भांडी. चार ते सात दुसरी पाळी. मधल्या दोन-अडीच तासांत वस्तीतल्या नळाला पाणी येत असेल तर ते भरायचे. रात्री वर्ग ठेवला तर नवऱ्याची परवानगी, परतीचा अंधार आणि पाठीचा कणा, तिन्ही आड येतात. ती आठवड्यातून तीन दिवस, रोज एक तास येऊ शकते, आणि ही हजेरी प्रत्यक्षात चांगलीच म्हणावी लागेल. तिचे २०० तास भरायला सदुसष्ट आठवडे लागतील. सव्वा वर्ष. त्या सव्वा वर्षात एक दिवाळी, एक लग्नसराई, एक पावसाळा आणि घरातले निदान एक आजारपण येणार. भाड्याची खोली बदलली तर वर्गच सुटणार.

शिवाय तासांचे अंतर वाढले की मधले विसरणेही वाढते. तीन दिवस खंड पडला तर चौथा दिवस मागचे आठवण्यात जातो. म्हणजे २०० तास प्रत्यक्षात पुरत नाहीत. ‘महिलांमध्ये चिकाटी नाही’ असा शेरा अहवालात लिहिण्याआधी हा हिशेब एकदा करून पाहावा.

वेळेचे हे गणित पुण्याने शंभर वर्षांपूर्वी सोडवून पाहिले होते. रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी झाले. पती माधवरावांनी त्यांना शिकवायला घेतले तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे आणि विरोध रमाबाईंनी वर्षानुवर्षे सोसला आणि पुढे आठवणींत लिहूनही ठेवला. १९०९ मध्ये त्यांनी आणि गोपाळ कृष्ण देवधरांनी पुणे सेवासदन उभे केले, तेव्हा विवाहित आणि विधवा प्रौढ बायकांसाठीचे वर्ग दुपारी ठेवले गेले. सकाळचा स्वयंपाक आटोपलेला, संध्याकाळचा अजून सुरू न झालेला. अभ्यासक्रम काय आणि शिक्षक कोण, याच्या आधी तास कोणता हे ठरवायचे, ही समज रमाबाईंना स्वतःच्या सासरच्या घरातून मिळालेली होती. आज अडचण अशी, की सदाशिव पेठेतल्या गृहिणीची दुपार आणि दोन पाळ्यांत काम करणाऱ्या बाईची दुपार एकसारखी नाही. दुपारचा तास हा नियम मानून चालत नाही. प्रत्येक वस्तीत जाऊन विचारावे लागते.

वेळेखालोखाल मोठे कारण डोळे. चाळिशी उलटली की जवळचे धूसर दिसू लागते. हा आजार नाही, डोळ्याच्या भिंगाची लवचिकता वयानुसार कमी होते एवढेच. शिकलेला माणूस पेपर लांब धरू लागतो, घरचे चेष्टा करतात आणि तो चष्मा आणतो. जिने आयुष्यात बारीक अक्षर वाचलेलेच नाही, तिला आपली नजर बदलली हे समजायला संधीच मिळत नाही. सुईत दोरा ओवायला ती मुलीला सांगते, तांदूळ निवडताना ताट उन्हात नेते. वर्गात पुस्तक पुढे आल्यावर तिला ध आणि घ एकच दिसतात, म आणि भ मध्ये फरक कळत नाही. ती म्हणते, ‘माझ्या डोक्यातच शिरत नाही, बाई.’ शिक्षिकाही मान डोलावते. अशी बाई फळ्यावरचे ठळक अक्षर ओळखते आणि पुस्तकातले तेच अक्षर चुकते. ही खूण दिसली की प्रश्न बुद्धीचा नाही हे ओळखावे. वाचायचा साधा चष्मा काही वेळा शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या कामगारांना असे चष्मे देऊन केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चष्मा मिळालेल्यांची पाने खुडण्याची गती न मिळालेल्यांपेक्षा ठळकपणे वाढली होती. पाने खुडायला जो लागतो तो अक्षरे वाचायला लागणार नाही, असे कसे होईल? तरीही साक्षरता वर्गाच्या साहित्यात पाटी, पेन्सिल आणि पुस्तक असते, चष्मा क्वचितच.

तिसरे कारण पुस्तकातच दडलेले आहे. मिशनच्या काळात प्रौढांसाठी तीन भागांची पुस्तके होती आणि प्रत्येक भागात तीन चाचण्या. पहिला भाग उत्साहात जातो. सुटी अक्षरे, काना, स्वतःचे नाव. दुसऱ्या भागात वेलांट्या, उकार, मात्रा, अनुस्वार यांची गर्दी होते आणि पाठोपाठ जोडाक्षरे येतात. र हे एकच अक्षर ‘सूर्य’मध्ये डोक्यावर चढते, ‘चक्र’मध्ये पायाशी तिरपे होते, ‘ट्रक’मध्ये वेगळेच दिसते. या टप्प्यावर बाईला पुष्कळ मेहनत करूनही नवीन काही जमल्यासारखे वाटत नाही, आणि गळतीला इथे जोर येतो. चांगल्या वर्गात इथे वेग मुद्दाम कमी करतात आणि आलेल्या अक्षरांतच खूप वाचायला देतात. वाईट वर्गात पुस्तक वेळेत संपवायचे असते.

आणि एक कारण असे, की ज्याला गळती म्हणणेच चुकीचे. सहीसाठी आलेली बाई दीड महिन्यात सही शिकते. ती अक्षरे वाचत नसते, नावाची एक आकृती हाताला पाठ झालेली असते. पण बँकेत तिचे काम होते. ती यायची थांबते. तिच्या हिशेबात शिक्षण पूर्ण झाले, हजेरीपटाच्या हिशेबात एक शिकणारी गळाली. दोघांपैकी कोण बरोबर? तिला फसवून चार महिने बसवून ठेवण्यात अर्थ नाही. मात्र सही झाल्याच्या दिवशीच पुढच्या पायरीची ओढ लावता आली, पासबुकातली शेवटची ओळ किंवा बसची पाटी समोर ठेवता आली, तर काही जणी थांबतात.

आता मोजणीकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत.

जनगणना कुणाचीही परीक्षा घेत नाही. सात वर्षांवरची व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू-लिहू शकते का, हे घरातल्या माणसाला विचारून रकाना भरला जातो. २०११ मध्ये पुणे जिल्ह्यात बायकांची साक्षरता सुमारे ८१ टक्के निघाली आणि पुरुषांची सुमारे ९१. उत्तर बहुधा घरातला पुरुष देतो आणि सही करणारी बायको त्याच्या लेखी साक्षर असते. म्हणजे खरा आकडा याहून खालीच असण्याची शक्यता जास्त.

राष्ट्रीय साक्षरता मिशन ५ मे १९८८ रोजी सुरू झाले. त्याने मोजण्याचे माप निदान स्पष्ट ठरवले होते. शिकणारीने मोठ्याने मिनिटाला ३० शब्द वाचावेत, मनात ३५. पाहून मिनिटाला सात शब्द लिहावेत, ऐकून पाच. शंभरपर्यंत आकडे, तीन आकडी बेरीज-वजाबाकी, दोन आकडी गुणाकार-भागाकार. प्रत्येक विषयात निम्मे आणि एकूण सत्तर टक्के गुण मिळाले की साक्षर. हे माप कडक होते आणि गावोगाव ते किती काटेकोर लावले गेले याविषयी शंका घेता येते, पण त्यात एक फार महत्त्वाची गोष्ट होती: गती.

गती का महत्त्वाची, हे पुण्यात दर काही आठवड्यांनी लागणाऱ्या पाण्याच्या सूचनेवरून पाहता येते. समजा फळ्यावर लिहिले आहे: ‘उद्या गुरुवारी दुरुस्तीच्या कामामुळे सकाळी पाणीपुरवठा बंद राहील. शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल.’ सोळा शब्द. मिनिटाला तीस शब्द वाचणारी बाई हे अर्ध्या मिनिटात वाचते आणि हंडे भरून ठेवते. नव्याने शिकलेली बाई मिनिटाला आठ शब्द लावत वाचते. तिला पहिल्या वाक्यालाच पूर्ण एक मिनिट लागते. ‘दुरुस्तीच्या’तला रु आणि स्ती सोडवण्यात बारा-पंधरा सेकंद जातात. नुकतेच ऐकलेले वा वाचलेले मन थोड्याच सेकंदांपुरते धरून ठेवते. ‘बंद’पर्यंत पोचेस्तोवर ‘उद्या’ निसटलेला असतो. तिने प्रत्येक शब्द बरोबर वाचला, आणि तरी पाणी कधी बंद हे तिला कळले नाही. वर्गातल्या चाचणीत, जिथे शब्द सुटे विचारतात, तिथे तिला पूर्ण गुण मिळाले असते. प्रौढांच्या वाचनावर जागतिक बँकेसाठी काम केलेल्या हेलन अबाद्झी यांनी हाच मुद्दा अनेक वर्षे मांडला: मोठेपणी शिकलेल्यांची अक्षरओळख लवकर होते, पण ती आपोआप होण्याइतकी जलद व्हायला फार सराव लागतो, आणि बहुतेक कार्यक्रम त्याआधीच संपतात. सरावाअभावी आलेले अक्षरही वर्षा-दोन वर्षांत पुसट होते.

सध्याचा ‘उल्लास’, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. महाराष्ट्रात त्याची सूत्रे पुण्यातल्या शिक्षण संचालनालयाच्या योजना विभागाकडे आहेत. शिकवणारे स्वयंसेवक असतात, मानधन नाही. परीक्षा १५० गुणांची: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. प्रत्येकात तेहतीस टक्के, म्हणजे १७ गुण लागतात. १७ मार्च २०२४ रोजी राज्यात झालेल्या या परीक्षेला साडेचार लाखांहून अधिक जण बसले आणि सुमारे ९२ टक्के उत्तीर्ण झाले. उरलेल्यांना नापास म्हटले जात नाही, ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा मिळतो. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात सोयीच्या तीन तासांत पेपर लिहायची मुभा होती. कामावर जाणाऱ्या बायकांसाठी ही मुभा खरोखर विचारपूर्वक दिलेली आहे.

पण ९२ टक्के कशाचे? परीक्षेला बसलेल्यांचे. नाव नोंदवून वर्गाला न आलेल्या, दोन महिने येऊन थांबलेल्या आणि परीक्षेच्या दिवशी कामावरून सुटी न मिळालेल्या बायका त्या भागाकारात कुठेच नाहीत. निकाल वाचताना तीन आकडे शेजारी ठेवावेत: नोंदणी किती, परीक्षेला किती, उत्तीर्ण किती. पहिल्या दोहोंतला फरक वर्गाविषयी सांगतो, शेवटच्या दोहोंतला फक्त परीक्षेविषयी. शिवाय गुणपत्रिकेत मिनिटाला किती शब्द, हे कुठे दिसत नाही. मिशनच्या मापात होते ते इथे गळले.

संख्याज्ञानाच्या भागात उलटी गंमत होते. भंगाराच्या दुकानात चौदा किलो पुठ्ठ्याचे नऊ रुपयांनी किती झाले, हे माल विकणारी बाई क्षणात सांगते: दहाचे नव्वद, चारचे छत्तीस, एकशे सव्वीस. पाव, दीड, अडीच यांचे हिशेब तिला तोंडपाठ असतात. तोच गुणाकार कागदावर मांडून दिला की हातचा चुकतो. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर वस्तू विकणाऱ्या मुलांचा १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच जातीचा आहे. विक्री करताना त्यांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली, आणि तशीच गणिते शाळेच्या पद्धतीने कागदावर दिली तेव्हा केवळ ३७ टक्के. म्हणजे वाचनात परीक्षा बाईला असते त्याहून पुढे दाखवू शकते आणि गणितात मागे. तिला खरी अडचण आकडेमोडीची नसते, ती दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावरच्या टिंबाची असते. काटा १४.३५० दाखवतो आणि दुकानदार चौदा म्हणतो. ते टिंब आणि पुढचे तीन आकडे वाचता आले तर साडेतीनशे ग्रॅमचे पैसे तिच्या हातात पडतात.

म्हणून एखाद्या वर्गाचे काम खरेच कसे झाले हे पाहायचे असेल, तर तीन साध्या गोष्टी पुरतात. बाई अनोळखी मजकूर घड्याळ लावून वाचते तेव्हा मिनिटाला किती शब्द होतात, आणि वाचून झाल्यावर काय लिहिले होते ते आपल्या शब्दांत सांगते का. पासबुक, काटा, बसची पाटी आणि ओटीपी यांपैकी किती गोष्टी ती कुणाला न विचारता वाचते. आणि हेच सारे वर्ग संपल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा. तिसरी गोष्ट जवळजवळ कुणीच करत नाही, कारण तोवर निधीही संपलेला असतो आणि स्वयंसेवकही पांगलेले असतात.

पुण्यात स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवायचा विचार कुणाच्या मनात असेल, तर पुस्तके मिळण्याची वाट पाहू नये. आधी वस्तीत जाऊन पाण्याची वेळ विचारावी आणि तास त्यावरून ठरवावा. चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकीची जवळची नजर पहिल्याच आठवड्यात तपासून घ्यावी. आणि प्रत्येकीला विचारावे, की तुम्हाला सगळ्यात आधी काय वाचायचे आहे? तिने सांगितलेला शब्द दुसऱ्या दिवशी फळ्यावर असावा, मग त्यात जोडाक्षर असले तरी चालेल.